शिफ्ट बदलताना बारा मिनिटं: फौंड्रीतल्या कामगारांशी टीबीबद्दल काय बोलायचं

*प्रश्न: आमची फौंड्री आहे, कामगार १६०, त्यातले निम्मे कंत्राटी. गेल्या वर्षी एकाला टीबी निघाला. त्याने दोन महिने गोळ्या खाल्ल्या, बरं वाटलं म्हणून सोडल्या आणि पुन्हा आजारी पडला. आता कामगारांसमोर दहा-पंधरा मिनिटं टीबीवर बोलायचं काम माझ्याकडे आलंय. मी सेफ्टी ऑफिसर आहे, डॉक्टर नाही. लक्षणं कोणती सांगू आणि कोर्स पूर्ण करायचं कसं सांगू, म्हणजे ते खरंच ऐकतील?*

मी कोल्हापूर भागातल्या एमआयडीसीत बरीच वर्षं टीबी विभागाची उपचार पर्यवेक्षक म्हणून फिरले. माझं पहिलं भाषण साफ फसलं होतं. वीस मिनिटं बोलले, भिंतीवर फुप्फुसाचा तक्ता लावला, शेवटी विचारलं, "कुणाला खोकला आहे का?" एकही हात वर आला नाही, आणि मागच्या रांगेत तिघं तोंडावर रुमाल धरून खोकत होते. नंतर कळलं, की महिनाभरापूर्वी तिथल्या ठेकेदाराने एका पोराला "टीबीवाला आहेस, गावाला जा" म्हणून हिशेब करून घरी पाठवलं होतं. हे माहीत असल्यावर हात कोण वर करणार?

म्हणून बोलायला उभं राहण्याआधी वरून एक वाक्य मंजूर करून घ्या: टीबी निघाला म्हणून कुणाचंही काम जाणार नाही. हे वाक्य मॅनेजरने किंवा मालकाने स्वतः, सगळ्यांसमोर आणि ठेकेदार तिथे उभा असताना म्हणायला हवं. तुम्ही म्हणालात तर त्याला तेवढं वजन येणार नाही. त्यालाच जोडून ईएसआयचं सांगा, कारण कामगाराच्या डोक्यात पहिला विचार पगाराचाच असतो. ईएसआयचं कार्ड असेल आणि हप्ते पुरेसे भरलेले असतील, तर आजारपणाच्या रजेत ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के मिळतात. टीबी हा त्यांच्या दीर्घ आजारांच्या यादीतला आजार आहे. त्यामुळे सलग दोन वर्षं नोकरी आणि त्या काळात किमान १५६ दिवसांचे हप्ते असतील, तर पुढेही ८० टक्क्यांनी लाभ चालू राहू शकतो. बहुतेकांना एवढी रजा लागतच नाही, पण लागली तर घर चालेल हे कानावर पडलं की चेहरे सैल होतात. तुमच्या कंत्राटी कामगारांचे हप्ते ठेकेदार खरंच भरतोय का, हे मात्र आधी तपासा. तिथे घोळ असेल तर भर सभेत उघडा पडेल.

आता भाषण. वेळ शिफ्ट बदलायची घ्या, म्हणजे एका बैठकीत दोन शिफ्टची माणसं सापडतात. बारा मिनिटांच्या वर जाऊ नका. निम्मी माणसं दमलेली असतात आणि उरलेल्यांना पंचिंग करायचं असतं. बिहार-झारखंडकडची पोरं असतील तर मधे मधे हिंदीत बोला. त्यांना मराठी कळतं, पण घाबरवणारी गोष्ट आपल्या भाषेत ऐकलेली बरी.

लक्षणं

फौंड्रीत खोकल्याचं कुणाला काही वाटत नाही. मोल्डिंगला वाळू, नॉकआउटला धूळ, फेटलिंगला ग्राइंडरचा चुरा, त्यात बिडी आणि मावा. "धुळीचा खोकला आहे, मॅडम" हे मी शंभरदा ऐकलंय. म्हणून "खोकला आला तर तपासा" एवढं सांगून भागत नाही. मी असं सांगते:

"तुमचा रोजचा खोकला तुम्हाला ठाऊक आहे. सकाळी दोन-चार वेळा खाकरता, काळपट थुंकी पडते, सुट्टीला गावाला गेलात की हलकं वाटतं. टीबीचा खोकला सुट्टी घेत नाही. तो चौदा दिवस झाले तरी तिथेच असतो. आणि तो एकटा येत नाही. संध्याकाळी अंग कणकणतं, रात्री बनियन भिजतं, भाकरी जात नाही, पट्टा एक भोक आत जातो. थुंकीत रक्ताची रेघ दिसली तर चौदा दिवस मोजत बसायचं नाही, त्याच दिवशी यायचं."

पट्ट्याचं भोक मुद्दाम सांगते. वजनकाटा रोज कुणी बघत नाही, पट्टा रोज बांधतो. हे वाक्य म्हटलं की एक-दोन जण नकळत कमरेकडे हात नेतात. ते कोण आहेत, एवढं तुम्ही लक्षात ठेवा.

धुळीच्या आणि टीबीच्या खोकल्यातला हा फरक नुसता अंदाज आहे, निदान नाही, हेही सांगून टाका. फौंड्रीत दोन्ही एकत्र असू शकतात. वाळूतली सिलिका वर्षानुवर्षं फुप्फुसात साचून सिलिकोसिस झालेल्या माणसाला टीबी होण्याचा धोका इतरांपेक्षा बराच जास्त असतो. त्यामुळे "तुझं धुळीचंच आहे" असं म्हणून जुन्या फेटलरला परत पाठवणं, हीच फौंड्रीतली सगळ्यात मोठी चूक. त्याचा दम वाढलाय, ताप येतोय, वजन उतरतंय, तर त्याला सगळ्यांच्या आधी तपासा.

आणखी एक मर्यादा तुम्ही स्वतः लक्षात ठेवा, भाषणात सांगायची गरज नाही. २०१९ ते २०२१ मध्ये देशभर जे टीबी सर्वेक्षण झालं, त्यात सापडलेल्या रुग्णांपैकी चाळीस टक्क्यांहून जास्त नुसत्या लक्षणांवर विसंबलं असतं तर निसटले असते. ते छातीच्या एक्स-रेमुळे सापडले. तेव्हा वर्षाच्या आरोग्य तपासणीत एक्स-रे असेल तर तो नीट वाचला जातोय का बघा. अनेक ठिकाणी फिल्म पाकिटातून बाहेरही येत नाही.

डबी हातात द्या

तालुक्याच्या टीबी युनिटमधून किंवा जवळच्या सरकारी दवाखान्यातून थुंकीच्या दहा-बारा रिकाम्या डब्या आधीच मागून आणा. भाषण चालू असताना एक डबी माणसांमधून फिरू द्या. हसतील, हसू द्या. मग दाखवा: आधी साध्या पाण्याने चूळ भरायची. उघड्यावर, माणसांपासून लांब उभं राहायचं. दोन-तीनदा खोल श्वास घ्यायचा, तिसऱ्यांदा श्वास थोडा रोखून छातीच्या तळातून खोकायचं आणि आलेला बेडका डबीत टाकायचा. तोंडातली लाळ चालत नाही. लाळ पाण्यासारखी पातळ असते, बेडका चिकट आणि दाट. अर्ध्याहून जास्त माणसं पहिल्यांदा लाळच देतात, मग रिपोर्टमध्ये काही निघत नाही आणि माणूस "मी तपासलं, काही नाही" म्हणत आणखी दोन महिने फिरतो.

दोन नमुने घेतात, एक तिथल्या तिथे आणि दुसरा सकाळी उठल्या उठल्याचा. सीबीनॅट किंवा ट्रूनॅट मशीनवर टीबीचा जंतू आहे का हे कळतं, आणि आपलं मुख्य औषध रिफाम्पिसिन त्याला लागू पडतं की नाही हेही. ही तपासणी सरकारी दवाखान्यात फुकट आहे. थुंकीत काही आलं नाही पण ताप, वजन आणि खोकला तसाच आहे, तर एक्स-रे आणि डॉक्टरकडे पुढची फेरी मारायचीच.

मेडिकलच्या दुकानाबद्दलही बोला. आमच्याकडचा नेहमीचा रस्ता असा: खोकल्याचं औषध, मग "जरा स्ट्राँग" अँटिबायोटिक, बहुतेक लिव्होफ्लॉक्सासिन. ते टीबीच्या जंतूला थोडं दाबतं, त्यामुळे आठवडाभर बरं वाटतं. आजार मात्र आत तसाच राहतो आणि निदान महिनाभर लांबतं.

१६८ दिवस

भाषणाचा मोठा वाटा इथे खर्च करा. लक्षणं माणसं कुठून तरी ऐकलेली असतात. दोन महिन्यांनी बरं वाटल्यावर पुढचे चार महिने गोळ्या कशाला, हे त्यांना कुणीच समजावलेलं नसतं. तुमच्या कामगाराचंही तेच झालं.

मी एका फेटलरची गोष्ट सांगते, नाव बदलून. आपण त्याला दगडू म्हणू. वय चौतीस, वजन ४६ किलो. गणपतीत खोकला सुरू झाला, दसऱ्यापर्यंत मेडिकलमधली औषधं चालली, दिवाळीच्या आधी थुंकीत टीबी निघाला. रिफाम्पिसिन लागू पडत होतं, म्हणजे साधा टीबी. त्याच्या वजनाला रोज तीन गोळ्या. एकेका गोळीत चार औषधं: आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड आणि इथॅम्ब्युटॉल. असे ५६ दिवस. त्यानंतर पायराझिनामाइड कमी करून तीन औषधांच्या गोळ्या ११२ दिवस. एकूण १६८.

तिसऱ्या आठवड्यात दगडूचा ताप गेला. दुसरा महिना संपला तेव्हा वजन ४९ झालं होतं, खोकला नव्हता, थुंकीत जंतू दिसत नव्हते. तो कामावर परत आला. सत्तराव्या दिवशी चुलत बहिणीच्या लग्नाला गावाला गेला, गोळ्यांचं पाकीट खोलीवरच राहिलं. तिथे आठ दिवस काही त्रास झाला नाही. परत आल्यावर त्याने मनाशी हिशेब केला: आठ दिवस खाल्ल्या नाहीत तरी काही झालं नाही, म्हणजे गरज संपली. मी खोलीवर गेले तर म्हणाला, "मॅडम, आता मी ५० किलोची कास्टिंग उचलतोय, मला कसला टीबी?" दोन-तीनदा गेले, प्रत्येक वेळी "उद्यापासून". दोन महिन्यांनी पुन्हा ताप.

इथे थांबून कामगारांना विचारा: त्याचं कुठे चुकलं? कुणी तरी म्हणतंच, "गोळ्या सोडल्या." मग पुढचं सांगा. टीबीचा जंतू संथ आहे. जुलाबाचा जंतू वीस मिनिटांत एकाचे दोन होतो, याला जवळजवळ एक दिवस लागतो. औषध त्याला मारतं ते मुख्यतः तो हालचाल करत असताना. पहिल्या दोन महिन्यांत जागे जंतू मरतात. ताप, खोकला, वजन उतरणं हे सगळं त्यांच्यामुळे असतं, म्हणून ते मेले की बरं वाटतं. काही जंतू मात्र झोपलेले असतात. ते अधूनमधून एकेक उठतात, आणि उठेल त्या दिवशी औषध रक्तात असावं लागतं. पुढचे चार महिने त्यांच्यासाठी असतात. फौंड्रीत मी म्हणते, "भट्टी बंद केल्यावर वरची राख गार लागते, म्हणून कुणी आत हात घालतं का?" हे त्यांना लगेच पटतं.

दुसरं कारण औषध निकामी होण्याचं. आजारी फुप्फुसात जंतू इतके असतात, की एखाद्या औषधाला दाद न देणारे थोडे त्यांच्यात आधीपासूनच असतात. म्हणून चार औषधं एकत्र देतात: एकातून सुटला तर दुसऱ्यात सापडतो. मधेच सोडून, पुन्हा थोडे दिवस खाऊन, पुन्हा सोडलं की सुटणाऱ्यांना वाढायला वाव मिळतो. मग तयार होतो तो औषधांना न जुमानणारा टीबी. त्याच्यासाठी आता सहा महिन्यांचा नवा औषधक्रम आला आहे, पण तो सगळ्यांना चालत नाही. बाकीच्यांचा उपचार नऊ महिन्यांपासून दीड वर्षाच्या पुढेही जातो, आणि त्या औषधांचा त्रासही जास्त. दगडूचं नशीब चांगलं. खंड महिन्याच्या वर गेला होता म्हणून थुंकी पुन्हा तपासली, रिफाम्पिसिन अजून लागू पडत होतं. तरीही मोजणी एकपासून. एकूण २३८ दिवस गोळ्या खाल्ल्या त्याने, १६८ मध्ये भागलं असतं.

एखादा दिवस चुकला तर काय, हे कुणी तरी विचारेलच. आठवलं की नेहमीची मात्रा घ्यायची, दुसऱ्या दिवशी दुप्पट खायची नाही, आणि चुकलेला दिवस शेवटी जोडायचा. दोन-तीन दिवस चुकले असतील तर लपवू नका, आशाताईला किंवा दवाखान्यात सांगा. चुकल्याची लाज वाटून माणूस तोंड चुकवतो आणि मग उपचार कायमचा सुटतो. हे मी इतक्यांदा पाहिलंय, की आता चुकलेल्याला पहिलं वाक्य "बरं झालं सांगितलंस" हेच म्हणते.

गोळ्या सुटतात कुठे

तीन पाळ्यांत काम करणाऱ्याची "रोज सकाळी" दर आठवड्याला बदलते. पाळ्या सात, तीन आणि अकराच्या असतील तर सकाळी पावणेसातची वेळ बरी पडते. पहिली पाळी आत येते, तिसरी बाहेर पडते आणि दुसरीवाल्याची झोप एव्हाना झालेली असते. मोबाइलला गजर लावून द्या. रिकाम्या पोटी घेतलेली चांगली, पण मळमळत असेल तर थोडं खाऊन घेतली तरी चालते. उलटी होईल म्हणून न घेण्यापेक्षा ते कितीतरी बरं.

लघवी केशरी-लाल होते, ते रिफाम्पिसिनमुळे. हे आधी सांगितलं नाही तर माणूस रक्त जातंय समजून तिसऱ्या दिवशी गोळ्या फेकून देतो. ते घाबरण्यासारखं नाही. मात्र डोळे पिवळे झाले, सारखी उलटी होऊन जेवण बंद झालं, किंवा नजर धूसर होऊन लाल-हिरवा रंग ओळखेना, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. पाय मुंग्या येऊन बधिर वाटत असतील तर तेही सांगायचं, त्यावर गोळी मिळते. दारूबद्दल उपदेश करत बसू नका. एवढंच सांगा, की या गोळ्यांचा भार यकृतावर पडतो आणि दारूचाही तिथेच, आणि मी पाहिलेल्या काविळी बहुतेक पिणाऱ्यांच्याच होत्या.

गाव हे तुमच्या कारखान्यातलं सगळ्यात मोठं कारण ठरेल. छठ, होळी, पेरणी, लग्न. प्रत्येक रुग्णाला निक्षयचा, म्हणजे सरकारच्या टीबी रुग्णांच्या ऑनलाइन नोंदणीचा, एक नंबर मिळतो. तो नंबर सांगितला की बिहारमधल्या किंवा ओडिशातल्या सरकारी दवाखान्यात उपचार तिथून पुढे चालू करता येतो. आठ-पंधरा दिवसांसाठी जाणार असेल तर तेवढ्या गोळ्या आगाऊ मिळतात, फक्त निघायच्या आधी सांगावं लागतं. म्हणून रजेच्या अर्जावर सही करणाऱ्या माणसाला शिकवून ठेवा: टीबीचा उपचार चालू असलेल्याने रजा मागितली, की गोळ्या घेतल्यास का हे खासगीत विचारायचं. दगडूला हे कुणी विचारलं असतं तर पाकीट पिशवीत गेलं असतं.

उपचार चालू असेपर्यंत खुराकासाठी सरकारकडून महिन्याला १,००० रुपये बँक खात्यात येतात. नोव्हेंबर २०२४ च्या आधी ते ५०० होते. खातं आधारशी जोडलेलं नसेल तर पैसे अडकतात. परप्रांतीय पोरांचं बहुधा तिथेच अडकतं, तेव्हा एचआरमधल्या कुणाला तरी एकदा त्यांच्यासोबत बँकेत पाठवा. बाकी शंकांसाठी निक्षयची फुकट हेल्पलाइन आहे, १८००-११-६६६६. हा नंबर पंचिंग मशीनच्या वर लावा.

चहाचा कप

भाषणानंतरचा पहिला प्रश्न बहुतेक हाच असतो: त्याचा कप वेगळा ठेवायचा का? नाही. टीबी हवेतून पसरतो, खोकताना उडणाऱ्या बारीक तुषारांतून. ताट, कप, टॉवेल, हात मिळवणं यातून नाही. कप वेगळा केला की आजार कुणालाच न सांगण्याची पक्की व्यवस्था होते. औषध लागू पडत असेल तर साधारण दोन आठवड्यांत त्याच्याकडून इतरांना लागण व्हायचा धोका खूप उतरतो. तोवर घरी, तोंडाला रुमाल, खोलीची खिडकी उघडी. खरी काळजी घ्यायची ती त्याच्या खोलीवरच्या माणसांची. एका खोलीत सहा-सात जण पाळीपाळीने झोपतात. त्या सगळ्यांची तपासणी व्हायला हवी, आणि घरी बायको-मुलं असतील तर त्यांचीही. आजार नसलेल्यांना, विशेषतः पाच वर्षांखालच्या मुलांना, टीबी होऊ नये म्हणून वेगळा औषधक्रम असतो.

भाषण संपलं की "कुणाला खोकला आहे का?" असं सगळ्यांसमोर विचारू नका. त्या डब्या घेऊन अर्धा तास चहाच्या टपरीजवळ उभे राहा, ठेकेदाराला दुसरीकडे गुंतवून ठेवा. माणसं एकेकटी येतील. कुणी म्हणेल, "साहेब, माझ्या मेहुण्याला महिनाभर खोकला आहे, त्याच्यासाठी एक डबी द्या." मेहुण्याचं वय, पाळी, कुठल्या खात्यात आहे, असलं काही विचारू नका. त्याला दोन डब्या द्या.